बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिले आहे, म्हणजे नेमके किती? हायड्रोजन पेरॉक्साइडच्या तीव्रतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी होऊन पीयूसीला येणाऱ्या मुलांना मी गेली अनेक वर्षे रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवतो. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीवर एकाच ओळीत ‘६ टक्के डब्ल्यू बाय व्ही’ आणि ‘२० व्हॉल्यूम’ असे दोन आकडे छापलेले असतात, आणि प्रयोगवहीत मात्र तिसराच आकडा, म्हणजे मोलॅरिटी, लिहावा लागतो. हे तिन्ही आकडे एकाच द्रावणाचे वर्णन करतात, हे एकदा मनात पक्के बसले की पुढचे गणित दोन ओळींचे उरते. मुले, त्यांचे पालक आणि वडगाव-शहापूरकडचे काही विणकर बंधू यांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

‘२० व्हॉल्यूम’ या शब्दांचा अर्थ काय?

हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन झाले की पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात. ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमधील सगळ्या पेरॉक्साइडचे विघटन केले, तर त्यातून प्रमाण तापमानाला व प्रमाण दाबाला मोजलेला २० मिलिलिटर ऑक्सिजन मिळेल. येथे प्रमाण स्थिती म्हणजे शून्य अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण, अर्थात पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका दाब. हा आकडा द्रावणाचे आकारमान सांगत नाही आणि टक्केवारीही सांगत नाही. द्रावणातून किती पट वायू निघेल, एवढेच तो सांगतो. म्हणून मराठीत याला ‘आकारमानी तीव्रता’ म्हणणे योग्य ठरते. ‘१० व्हॉल्यूम म्हणजे १० टक्के’ अशी समजूत मला दर वर्षी किमान दोन-तीन वह्यांत सापडते. प्रत्यक्षात १० व्हॉल्यूम म्हणजे जेमतेम ३ टक्के.

त्यावरून मोलॅरिटी कशी काढायची?

सूत्र पाठ करण्याआधी ते कोठून येते हे पाहावे, कारण परीक्षेच्या गडबडीत सूत्रातील ११.२ ने गुणायचे की भागायचे, याचा विसर पडतो. समीकरण मात्र विसरत नाही.

```
2H₂O₂ → 2H₂O + O₂
```

या समीकरणानुसार दोन मोल पेरॉक्साइडमधून एक मोल ऑक्सिजन मिळतो, आणि एक मोल वायू वर सांगितलेल्या प्रमाण स्थितीत २२.४ लिटर जागा व्यापतो. म्हणजे एका मोल पेरॉक्साइडमधून ११.२ लिटर ऑक्सिजन मिळतो. आता एक लिटर द्रावणाचा विचार करू. ते १ मोलर असेल, तर त्यात एक मोल पेरॉक्साइड आहे आणि त्यातून ११.२ लिटर ऑक्सिजन निघेल. म्हणून १ मोलर द्रावण ११.२ व्हॉल्यूमचे असते. लेबलवरील आकड्याला ११.२ ने भागले की मोलॅरिटी मिळते. आपल्या बाटलीसाठी २० भागिले ११.२, म्हणजे १.७९ मोलर.

उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळण्याची एक सोपी खूण अशी की मोलॅरिटीचा आकडा व्हॉल्यूमच्या आकड्यापेक्षा नेहमी पुष्कळ लहान असतो. वहीत २२४ मोलर असे उत्तर आले असेल, तर भागण्याऐवजी गुणले गेले आहे. शुद्ध पेरॉक्साइडसुद्धा इतके तीव्र असू शकत नाही.

आणि डब्ल्यू बाय व्ही टक्केवारी?

वजन आणि आकारमान यांच्या गुणोत्तराची ही टक्केवारी म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात किती ग्रॅम पदार्थ आहे, याचे माप. पेरॉक्साइडचा मोलर भार ३४.०१ ग्रॅम आहे. आपल्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये १.७८६ मोल आहेत, म्हणजे सुमारे ६०.७ ग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये ६.०७ ग्रॅम. लेबलवरील ‘६ टक्के’ तो हाच. मधल्या पायऱ्या गाळून थेट जायचे असल्यास व्हॉल्यूमच्या आकड्याला ०.३०४ ने गुणावे. त्यामुळे १० व्हॉल्यूमचे ३ टक्के, ३० व्हॉल्यूमचे ९ टक्के आणि ४० व्हॉल्यूमचे १२ टक्के होतात. केशभूषेच्या दुकानांत केसांच्या रंगाबरोबर वापरल्या जाणाऱ्या डेव्हलपरच्या बाटल्यांवरही हीच जोडी छापलेली आढळते.

काही पुस्तकांत ११.२ आहे आणि काहींत ११.३५. खरे कोणते?

दोन्ही खरे आहेत. फरक ‘प्रमाण दाब’ कशाला म्हणायचे यात आहे. जुन्या व्याख्येत प्रमाण दाब एक वातावरण होता. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने तो एक बार, म्हणजे किंचित कमी, असा ठरवला. दाब कमी धरला की तेवढाच वायू थोडी जास्त जागा व्यापतो, म्हणून एका मोलचे आकारमान २२.४ ऐवजी २२.७ लिटर झाले आणि त्याचे निम्मे ११.३५. हा आकडा वापरला, तर २० व्हॉल्यूमचे द्रावण १.७६ मोलर आणि ५.९९ टक्के येते. दोन उत्तरांत जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक आहे, आणि बाटली उघडल्यावर महिनाभरात तिच्यातील पेरॉक्साइड याहून अधिक कमी होऊ शकते. औषधांच्या लेबलवरील व्हॉल्यूमचा आकडा जुन्या परंपरेतून आला असल्याने मी स्वतः ११.२ वापरतो. मुलांना मात्र एवढेच सांगतो की प्रश्नात २२.४ दिले असेल तर ११.२ वापरा, २२.७ दिले असेल तर ११.३५ वापरा, आणि एकाच गणितात दोन्ही मिसळू नका.

आम्ही वर्गात वायू गोळा केला, तेव्हा २० ऐवजी २५ पट ऑक्सिजन मिळाला. लेबल चुकीचे आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत प्रिय आहे, कारण आपण बेळगावच्या पठारावर राहत असल्यामुळेच तो इतक्या ठळकपणे समोर येतो.

प्रयोग असा करतात. बाजूला नळी असलेल्या शंकुपात्रात थोडे पाणी आणि चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घेतात. नळीचे दुसरे टोक पाण्याने भरून पाण्याच्या तसराळ्यात उलट्या धरलेल्या अंशांकित नळकांड्याखाली सोडतात. मग पिपेटने मोजलेले २ मिलिलिटर पेरॉक्साइड पात्रात घालून बूच ताबडतोब घट्ट बसवतात. फसफस सुरू होते, पात्र हाताला कोमट लागते आणि नळकांड्यातील पाणी खाली सरकत जाते. फसफस थांबल्यावर पात्र पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे वाट पाहणे आवश्यक असते, नाहीतर गरम वायूचे फुगलेले आकारमान वाचले जाते. शेवटी नळकांडे वरखाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी सारखी करतात आणि मग वाचन घेतात. आमच्या प्रयोगशाळेत नव्या बाटलीतील २ मिलिलिटरला ५० मिलिलिटर वायू मिळाला. मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, मग ही तर २५ व्हॉल्यूमची बाटली झाली.”

लेबल चुकलेले नव्हते. वायू मोजला तो शून्य अंशाला नव्हे, तर २७ अंशांना. समुद्रसपाटीच्या दाबाला नव्हे, तर येथील दाबाला. आणि तो कोरडाही नव्हता, कारण पाण्यावर गोळा केलेल्या वायूत पाण्याची वाफ मिसळलेली असते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब ७६० नसून साधारण ६९५ मिलिमीटर असतो. त्यातून २७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब, म्हणजे सुमारे २७ मिलिमीटर, वजा केला की ऑक्सिजनचा स्वतःचा दाब ६६८ मिलिमीटर उरतो.

आता हा वायू प्रमाण स्थितीला आणू. दाबासाठी ५० ला ६६८ भागिले ७६० ने गुणावे, आणि तापमानासाठी २७३ भागिले ३०० ने गुणावे, कारण २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. उत्तर ४० मिलिलिटर येते. ते २ मिलिलिटर द्रावणातून मिळाले, म्हणून द्रावण २० व्हॉल्यूमचे. नळकांड्यातील ५० आणि लेबलवरील २० यांच्यात काहीच तंटा नव्हता.

म्हणून आपल्या भागात उन्हाळा-पावसाळा धरून एक ठोकताळा लक्षात ठेवता येतो: पाण्यावर गोळा केलेला वायू लेबलच्या आकड्यापेक्षा साधारण सव्वापट दिसतो. हा ठोकताळा चाचपणीपुरता आहे. वहीत मात्र त्या दिवसाचे तापमान आणि दाब लिहूनच गणित करावे.

दाबाचा आकडा फोनवरच्या हवामानाच्या माहितीतून घेतला तर चालेल का?

जसाच्या तसा घेतला तर चालत नाही, आणि येथे हुशार मुलेही फसतात. हवामानाच्या माहितीत दिसणारा दाब सहसा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो, कारण निरनिराळ्या उंचीवरील गावांची तुलना तशीच करता येते. त्यामुळे बेळगावसाठीही १०१० हेक्टोपास्कलसारखा, म्हणजे सुमारे ७५८ मिलिमीटरचा आकडा दिसतो, जो आपल्या खोलीतील हवेचा खरा दाब नसतो. तो आकडा वरच्या गणितात घातला, तर ऑक्सिजन ४० ऐवजी जवळजवळ ४४ मिलिलिटर येतो आणि बाटली २२ व्हॉल्यूमची ठरते. सुमारे दहा टक्क्यांची ही चूक कोणत्याही काचेच्या उपकरणातून आलेली नसून फक्त चुकीच्या दाबातून आलेली असते. प्रयोगशाळेत वायुदाबमापी असेल तर त्यावरचे वाचन घ्यावे. नसेल तर गावाच्या उंचीवरून काढलेला अंदाजे दाब वापरावा आणि तो अंदाज असल्याचे वहीत नमूद करावे.

बाटली जुनी असेल, तर लेबलवरील आकडा धरून गणित करावे का?

करू नये. पेरॉक्साइड हळूहळू आपोआप विघटित होत राहते. उष्णता, प्रकाश, धूळ, अल्कली आणि लोखंड किंवा तांब्याचे सूक्ष्म कण त्याला वेग देतात. शिवाय लेबलवरील ‘६ टक्के’ हा नेमका आकडा नसून नाममात्र आकडा आहे. भारतीय औषधकोशानुसार २० व्हॉल्यूमच्या द्रावणात ५ ते ७ टक्के पेरॉक्साइड असणे मान्य आहे. म्हणजे नवी कोरी बाटलीसुद्धा १६.५ पासून २३ व्हॉल्यूमपर्यंत कोठेही असू शकते. नेमका आकडा हवा असल्यास पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेशन करावे.

आमच्या कपाटात मागल्या वर्षी उघडलेली एक बाटली होती. तिचे बूच सैल राहिले होते आणि ती खिडकीजवळच्या फळीवर उन्हात येत असे. ती चूक माझीच होती. त्या बाटलीचे टायट्रेशन आम्ही असे केले.

पिपेटने १० मिलिलिटर द्रावण २५० मिलिलिटरच्या मापन फ्लास्कमध्ये घेतले आणि ऊर्ध्वपातित पाण्याने खुणेपर्यंत भरले. ही पायरी गाळता येत नाही, कारण मूळ द्रावण इतके तीव्र आहे की थेट टायट्रेशन केले तर एक ब्यूरेट पुरणार नाही. या सौम्य द्रावणातील २५ मिलिलिटर शंकुपात्रात घेऊन त्यात सुमारे १ मोलर सल्फ्युरिक आम्ल २५ मिलिलिटर घातले. ब्यूरेटमध्ये ०.०२ मोलर परमँगनेट होते. पहिले काही थेंब पडल्यावर जांभळा रंग जायला वेळ लागतो. त्या वेळी घाई करू नये, कारण या अभिक्रियेत तयार होणारा मँगनीज आयनच तिला पुढे वेग देतो आणि थोड्याच वेळात प्रत्येक थेंबाचा रंग पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. शेवटी एका थेंबाने आलेली फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली, तेव्हा थांबलो. तीन वेळा २८.४, २८.५ आणि २८.४ अशी वाचने आली, २८.४ धरले.

```
2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 8H₂O + 5O₂
```

समीकरणानुसार दोन मोल परमँगनेटला पाच मोल पेरॉक्साइड लागते, म्हणून ०.०२ मोलर परमँगनेटचा प्रत्येक मिलिलिटर ०.०५ मिलिमोल पेरॉक्साइडशी अभिक्रिया करतो. २८.४ मिलिलिटरमागे १.४२ मिलिमोल झाले. हे २५० पैकी २५ मिलिलिटरमध्ये होते, म्हणून सगळ्या फ्लास्कमध्ये १४.२ मिलिमोल, आणि ते सगळे मूळच्या १० मिलिलिटरमधून आले. म्हणून बाटलीतील द्रावण १.४२ मोलर. ११.२ ने गुणले की १५.९ व्हॉल्यूम, आणि टक्केवारी ४.८३. लेबल २० म्हणत होते, बाटलीत १६ पेक्षाही कमी होते, आणि औषधकोशाच्या ५ टक्क्यांच्या खालच्या मर्यादेतही ती आता बसत नव्हती.

ही बाटली अगदी २० व्हॉल्यूमची असती, तर ब्यूरेटचे वाचन ३५.७ आले असते. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवला की ब्यूरेट चालू असतानाच बाटली उतरली आहे की नाही ते दिसते.

टायट्रेशन कोठे बिघडते आणि ते कसे ओळखावे?

सर्वाधिक वेळा ते आम्लाशी बिघडते. आम्ल कमी पडले की परमँगनेट पूर्ण क्षपण न होता मँगनीज डायऑक्साइडवर थांबते आणि पात्रात तपकिरी गढूळपणा दिसतो. हाच तपकिरी पदार्थ आपण वायूच्या प्रयोगात पेरॉक्साइडचे विघटन घडवण्यासाठी मुद्दाम वापरला होता, हे आठवले की नुकसान दुहेरी आहे हे कळते. तपकिरी छटा आली की वरून आम्ल घालून सावरण्याचा प्रयत्न करू नये. ते पात्र ओतून टाकावे आणि नवे २५ मिलिलिटर घ्यावेत.

सल्फ्युरिक आम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतल्यास परमँगनेटचा काही भाग क्लोराइडशी अभिक्रिया करण्यात खर्च होतो आणि बाटली खऱ्यापेक्षा तीव्र दिसते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्यामुळे तेही येथे चालत नाही. तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही: काही द्रावणांत पेरॉक्साइड टिकून राहावे म्हणून अॅसेटॅनिलाइडसारखा सेंद्रिय पदार्थ घातलेला असतो आणि तोही परमँगनेट थोडे खातो. गुलाबी छटा वारंवार येऊन जात असेल आणि अंत्यबिंदू ठरतच नसेल, तर ही शक्यता लक्षात घ्यावी. अशा द्रावणासाठी आयोडीनवर आधारलेले टायट्रेशन अधिक भरवशाचे ठरते.

जुन्या प्रश्नपत्रिकांत ५.६ ने भागतात, ते का?

ते नॉर्मॅलिटीसाठी. पेरॉक्साइडच्या एका मोलमागे दोन इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, म्हणून त्याची नॉर्मॅलिटी मोलॅरिटीच्या दुप्पट असते, आणि ११.२ चे निम्मे ५.६. वीस व्हॉल्यूमचे द्रावण ३.५७ नॉर्मल असते.

आमच्याकडे सूत धुण्यासाठी येणाऱ्या कॅनवर ‘५० टक्के’ लिहिलेले असते. ते किती व्हॉल्यूम?

वडगावच्या एका वयस्क विणकरांनी विचारलेला हा प्रश्न आहे. त्यांनी स्वतः गणित मांडून आणले होते: “मास्तर, ०.३०४ ने भागले तर १६४ येतात, पण पुरवठादार २०० म्हणतो. कोण खोटे बोलतोय?” कोणीच नाही. मेडिकलच्या बाटलीवरील टक्केवारी वजन आणि आकारमान यांची असते, तर उद्योगात विकल्या जाणाऱ्या तीव्र पेरॉक्साइडची टक्केवारी वजनाला वजन अशी असते. म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ५० ग्रॅम पेरॉक्साइड. सौम्य द्रावणाची घनता पाण्याच्या जवळ असल्याने दोन्ही टक्केवाऱ्यांत फारसा फरक पडत नाही. पण ५० टक्के द्रावण पाण्यापेक्षा पुष्कळ जड असते. त्याची घनता प्रति मिलिलिटर सुमारे १.१९६ ग्रॅम आहे.

एका लिटरचे वजन ११९६ ग्रॅम, त्याच्या निम्मे ५९८ ग्रॅम पेरॉक्साइड. ३४.०१ ने भागले की १७.६ मोलर, आणि ११.२ ने गुणले की १९७ व्हॉल्यूम, म्हणजे व्यवहारात २००. वजन-आकारमान टक्केवारीत हेच ५९.८ टक्के होतात. म्हणून लेबलवर टक्के दिसले की त्यापुढे कोणती दोन अक्षरे आहेत ते आधी पाहावे. वजनाला वजन असेल, तर घनतेचा आकडा मिळाल्याशिवाय गणितच करता येत नाही. प्रयोगशाळेतील ३० टक्क्यांच्या बाटलीलाही हेच लागू आहे: तिची घनता सुमारे १.११ आहे आणि ती १०० व्हॉल्यूमची नसून साधारण ११० व्हॉल्यूमची असते.

तीव्र द्रावणातून २० व्हॉल्यूमचे द्रावण कसे करायचे?

व्हॉल्यूमचा आकडा मोलॅरिटीच्याच प्रमाणात असल्यामुळे तो थेट सौम्यीकरणाच्या गणितात वापरता येतो. १९७ व्हॉल्यूमचे १०० मिलिलिटर घेऊन एकूण एक लिटर केले, तर १९.७ व्हॉल्यूम मिळते. ‘एकूण एक लिटर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १०० मध्ये एक लिटर पाणी घातले, तर एकूण १,१०० मिलिलिटर होऊन द्रावण १८ व्हॉल्यूमच्या आसपास येते.

५० टक्के पेरॉक्साइड हाताळणे हे घरचे काम नाही. त्वचेला लागल्यास ती पांढरी पडते आणि झोंबते, डोळ्यांना गंभीर इजा होते, आणि चिंधी किंवा लाकडाचा भुसा भिजला तर आग लागू शकते. चष्मा आणि हातमोजे घालून, स्वच्छ प्लास्टिकच्या भांड्यात आधी पाणी घ्यावे आणि त्यात पेरॉक्साइड ओतावे. गंजके भांडे किंवा पितळी माप अजिबात वापरू नये, कारण धातूच्या कणांनी विघटन भडकते. मापात उरलेले द्रावण कॅनमध्ये परत ओतू नये. कॅनचे हवा सोडणारे झाकण बदलून घट्ट झाकणही लावू नये; आत तयार होणाऱ्या ऑक्सिजनला वाट मिळाली नाही, तर कॅन फुगतो आणि फुटू शकतो.

उघडलेल्या बाटलीवर काय लिहून ठेवावे?

आमच्या कपाटातील प्रत्येक बाटलीवर आता छापील लेबलखाली कागदाची एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर उघडल्याची तारीख, शेवटच्या टायट्रेशनची तारीख आणि त्या दिवशी मिळालेली मोलॅरिटी पेन्सिलने लिहिलेली असते. पुढच्या टायट्रेशनला जुना आकडा खोडून नवा लिहितात. आम्ही व्हॉल्यूम न लिहिता मोलॅरिटी लिहितो, कारण तिच्यात तापमान, दाब किंवा २२.४ आणि २२.७ यांचा प्रश्नच येत नाही. बाटली गडद रंगाची, बूच स्वच्छ, आणि जागा खिडकीपासून दूर, खालच्या फळीवर. वर सांगितलेल्या जुन्या बाटलीच्या पट्टीवर १.४२ लिहिले आहे, आणि यंदाच्या तुकडीला वायूचा प्रयोग तिच्यावरच करायला दिला जाणार आहे. २ मिलिलिटरमागे त्यांना नळकांड्यात सुमारे ४० मिलिलिटर वायू दिसेल, आणि त्यांतले काहीजण ती बाटली २० व्हॉल्यूमचीच आहे असे खात्रीने लिहितील.